पाकीट एक लिटरचं, ग्लास दीडशे मिलीचा

"ताई, माझी मुलगी १६ महिन्यांची, वजन साडेनऊ किलो. मागच्या आठवड्यात दिवसाला सात-आठ वेळा पातळ शी होत होती, मधेमधे उलटीपण. मेडिकलमधून ओआरएसचं पाकीट आणलं, ते मोठं होतं म्हणून लागेल तसं चमचा चमचा काढून ग्लासातल्या पाण्यात टाकून देत होते. सासूबाई म्हणत होत्या एवढं पाणी पाजू नको, जुलाब वाढतील. दुसऱ्या दिवशी ती ते पीत नव्हती म्हणून सफरचंदाच्या चवीचा तयार डबा आणला, तो आवडीने प्यायली पण शी अजूनच पाण्यासारखी झाली. शेवटी ॲडमिट करून सलाईन लावावी लागली, आता घरी आहे, बरी आहे. माझं नेमकं काय चुकलं? आणि पुढच्या वेळी कधी घाबरायचं ते कसं ओळखू?
— एक आई, बार्शी"

ताई, आधी तुमचं पाकीट घेऊ, कारण सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते आणि ती फक्त तुमच्याकडेच झालीये असं अजिबात नाही, शिकलेल्या घरांतपण सर्रास होते.

मेडिकलमध्ये दोन साइझची पाकिटं मिळतात. मोठं एक लिटर पाण्याचं, त्यात साधारण २१ ग्रॅम पावडर असते, आणि छोटं २०० मिलीचं, त्यात चार ग्रॅमच्या थोडी वर. दोन्हींवर किती पाण्यात घालायचं ते लिहिलेलं असतं पण बारीक अक्षरात, आणि रात्री अकरा वाजता पोर रडत असताना ते कोण वाचतंय. मोठ्या पाकिटाचा नियम एकच आहे, आख्खं पाकीट, आख्खं लिटर, एकाच वेळी. अर्धं आत्ता अर्धं संध्याकाळी नाही आणि चमच्याने तर नाहीच.

चमच्याने का नाही ते सांगते. घरातला चहाचा चमचा सपाट भरला तर चारेक ग्रॅम पावडर येते, शीग लावून भरला तर सात-आठ ग्रॅम पण होईल. आणि ग्लास? स्टीलचा ग्लास काठोकाठ भरला तर दोनशे-अडीचशे मिली, पण लहान मुलासाठी आपण कधी काठोकाठ भरतो का, पाऊण भरतो, म्हणजे दीडशे. आता दीडशे मिली पाण्याला पावडर लागते तीन ग्रॅम. सपाट चमचा टाकला तर सव्वापटीहून जास्त दाट झालं, शीग लावून टाकला तर दुपटीच्या पुढे गेलं. म्हणजे त्याच घरात, त्याच चमच्याने, सकाळी आईने केलेलं आणि दुपारी आजीने केलेलं ओआरएस वेगळं. वर पाकिटातली पावडर म्हणजे मीठ, ग्लुकोज, पोटॅशियम असे वेगवेगळे दाणे असतात, पाकीट हलवलं-आपटलं की ते सारखे पसरलेले राहतीलच असं नाही, त्यामुळे वरच्या चमच्यात काय आलं आणि तळाच्या चमच्यात काय आलं ते कुणी सांगू शकत नाही. उघडं पाकीट ओल धरतं, गोळे होतात, तो भाग अजून वेगळाच. आणि काही जण तर लिटरचं आख्खं पाकीट एका ग्लासात ओततात, मुलगी ग्लासभरच पिणार ना म्हणून, ते तर पाचपट झालं.

दाट झालं तर होतं काय? मिठाचं प्रमाण वाढतं, ते रक्तात जातं, रक्तातलं सोडियम चढतं आणि मूल अजून तहानेलं होतं, किरकिर करतं, फार चढलं तर झटके येऊ शकतात. तुमची मुलगी दुसऱ्या दिवशी ते प्यायला तयार नव्हती असं तुम्ही लिहिलंय, त्याची कारणं दोन-तीन असू शकतात पण ते खारट लागत होतं हे एक नक्की असू शकतं. बरोबर बनवलेलं ओआरएस डोळ्यातल्या पाण्याइतपतच खारट लागतं, त्याहून जास्त नाही. म्हणून मुलाला देण्याआधी स्वतः एक घोट घेऊन बघायचा. संत्र्याच्या चवीच्या पाकिटात ही परीक्षा जरा फसते, तिथे मापावरच भरवसा ठेवा. चव घेऊन चुकलंय असं वाटलं तर वरून पाणी घालून अंदाजाने पातळ करत बसू नका, सरळ फेकून नवीन करा, सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे ही पाकिटं फुकट मिळतात, मेडिकलमध्येपण फार महाग नसतात.

आणि याच्या उलट चूकपण होते, महाग पडू नये म्हणून किंवा मूल चवीला नको म्हणतं म्हणून दोन लिटरमध्ये एक पाकीट. त्याने रक्तातलं सोडियम चढणार नाही पण जे मीठ शीतून चाललंय ते भरून निघणार नाही, मग पोटात पाणी भरपूर आणि मूल तरी मलूल.

आता लिटर मोजायचं कसं. दूध अर्ध्या लिटरच्या पिशवीत येत असेल तर रिकामी पिशवी स्वच्छ धुऊन दोनदा भरा असं काहीजण सांगतात पण पिशवीत कापल्यावर पूर्ण माप राहत नाही, मला ते पटत नाही. सगळ्यात सोपी म्हणजे एक लिटरची सीलबंद पाण्याची बाटली, ते पाणी आख्खं एका स्वच्छ पातेल्यात ओता, त्यात पाकीट रिकामं करा, कोपऱ्यात चिकटलेली पावडरसुद्धा झटका, चमच्याने ढवळा, झालं. घरचं पाणी असेल तर उकळून, गार करून, मग मोजायचं, आधी मोजून नंतर उकळलं तर वाफ जाते आणि पाणी कमी भरतं. फिल्टरचं पाणी चालतं. एकदा पावडर घातली की परत उकळायचं नाही, गरम करायचं नाही. त्यात साखर, दूध, ज्यूस, लिंबू काहीही घालायचं नाही. झाकून ठेवायचं आणि किती वाजता केलं ते कागदावर लिहून पातेल्याला चिकटवायचं कारण २४ तासांनी उरलेलं टाकून द्यायचंय, आणि आजारपणात कालचं कोणतं आजचं कोणतं हे खरंच लक्षात राहत नाही. एक लिटर फुकट जाईल असं वाटत असेल तर २०० मिलीची छोटी पाकिटं घ्या, आणि पाणी दुधाच्या बाटलीवर जे मिलीचे आकडे असतात ना त्यावर मोजा. फक्त मोजायला बाटली, पाजायला वाटी-चमचा.

सासूबाईंच्या बोलण्याकडे येते. त्यांचं निरीक्षण खोटं नाहीये, त्यातून काढलेला अर्थ चुकतोय. ओआरएस दिल्याने जुलाब थांबत नाहीत, ओआरएसचं ते कामच नाही. शी तीन-चार दिवस, कधी आठवडाभर तशीच पातळ होत राहते आणि आपणहून कमी होते. ओआरएसचं काम आहे जे गेलं ते परत आत घालणं. आतड्याच्या अस्तरात एक दार असतं असं समजा, ते मीठ आणि ग्लुकोज दोघं मिळून आले तरच उघडतं, आणि दोघं आत गेले की त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. जुलाब चालू असतानाही हे दार चालू असतं, म्हणूनच तर तोंडाने दिलेलं पाणी टिकतं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपातून द्यायला सुरुवात केली, पाजणारे होते पेशंटचे नातेवाईकच, आणि मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चारच्या खाली आलं. सासूबाईंना हे सांगा, कॉलरासारख्या आजारात घरच्या माणसांनी पाजून माणसं वाचलीत म्हणावं.

पण त्याच दारामुळे तुमच्या सफरचंदाच्या डब्याने घोळ केला. साखर आणि मीठ एका ठरावीक प्रमाणात असेल तर पाणी आत जातं, साखर फार जास्त झाली तर ती सगळी आत जाऊ शकत नाही, आतड्यात पडून राहते आणि उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढते, म्हणून शी अजून पाण्यासारखी. आकडा एकच सांगते, बरोबर ओआरएसच्या २०० मिलीमध्ये ग्लुकोज तीन ग्रॅमपेक्षाही कमी असतं, आणि अशा गोड पेयांत १०० मिलीलाच आठ-दहा ग्रॅम साखर सहज असते. मूल आवडीने पितं ते त्यामुळेच. अशा डब्यांवर वर्षानुवर्षं ओआरएस शब्द छापलेला असायचा, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ते बंद केलं, आता डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात नसेल तर नावात ओआरएस वापरता येत नाही. तरी मेडिकलवाला 'तसंच आहे हो' म्हणून काहीतरी हातात देऊ शकतो. तयार डब्यात खरं ओआरएससुद्धा मिळतं, त्यामुळे डबा म्हणजे वाईट असं नाही, मागे छापलेलं वाचायचं: एका लिटरला सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम. हे दोन आकडे दिसले की घ्या, नाही दिसले की परत ठेवा. ग्लुकोजची नुसती पावडर, कोल्ड्रिंक, पॅकेटातला ज्यूस हे सगळं त्याच खात्यात, जुलाबात नको.

आता तुमच्या मुलीच्या वजनावरून हिशोब करून दाखवते. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली द्यायचं, दोनच्या वरच्या मुलाला १०० ते २००. दिवसाला आठ वेळा शी झाली तर तिला ४०० ते ८०० मिली लागलं असतं, म्हणजे एका लिटरचं पातेलं दिवसभराला बरोबर पुरतं, पाकीट मोठं आहे हे वाटणंच चुकीचं होतं. हे नुसतं सुरुवातीचं, अंगातलं पाणी कमी झालेलं नसताना. पाणी कमी झाल्याची लक्षणं दिसायला लागली, म्हणजे खाली सांगतेय ती मधली पायरी, तर किलोला ७५ मिली या हिशोबाने चार तासांत, म्हणजे साडेनऊ किलोला साधारण ७०० मिली, हे दवाखान्यात सिस्टरच्या नजरेखाली करायचं असतं पण आकडा माहीत असलेला बरा कारण दवाखान्यातसुद्धा चमचा तुमच्याच हातात असतो. चार तासांत ७०० म्हणजे तासाला पावणेदोनशे, म्हणजे एक चमचा साधारण दर दीड-पावणेदोन मिनिटांनी. ऐकायला कंटाळवाणं वाटतं आणि आहेच. पण ग्लास तोंडाला लावला की तहानलेलं मूल घटाघट पितं, पोट एकदम फुगतं आणि सगळं बाहेर येतं, मग घरचे म्हणतात हिला ओआरएस पचतच नाही. पचतं, वेग चुकतोय. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं, घड्याळात बघून, आणि मग दोन-तीन मिनिटांनी एक चमचा असं हळू परत चालू करायचं. उलटी झाली तरी आधीच्या चमच्यांतलं बरंचसं आत राहिलेलं असतं.

अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, उलट जास्त वेळा द्यायचं. जेवण बंद करायचं नाही, वरणभात, मऊ खिचडी, दही, मीठ घातलेली पेज, जे खाईल ते थोडं थोडं. पाकीट मिळतच नाहीये अशी रात्र असेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, तेही मोजून, चिमटी-मूठ असल्या मापाने नाही. त्यात पोटॅशियम नसतं त्यामुळे हे सकाळी मेडिकल उघडेपर्यंतच.

घाबरायचं कधी, हा तुमचा खरा प्रश्न. शी किती वेळा झाली त्याने घाबरू नका, मुलाकडे बघा, आणि त्यातही सगळ्यात आधी ती पाणी कशी पितेय ते बघा. नेहमीसारखी खेळतेय, पाणी दिलं तर पितेय नाही दिलं तर आठवणसुद्धा काढत नाही, तर ठीक आहे, घरी चालू ठेवा. चमच्याकडे झेपावतेय, वाटी काढून घेतली की रडतेय, किरकिर करतेय, कशानेच गप्प बसत नाहीये, डोळे जरा खोल गेल्यासारखे वाटतायत, तर ती मधली पायरी, अंगातलं पाणी कमी व्हायला लागलंय, ओआरएस देत देत दवाखाना गाठायचा. आणि मग येते तिसरी, ज्यात भलेभले फसतात: मूल शांत होतं. रडणं थांबतं, पाणी मागणं थांबतं, चमचा ओठाला लावला तर तोंडातून बाहेर ओघळतं, डोळे अर्धवट, हाक मारली तर नीट बघत नाही. घरात सगळे हुश्श करतात, दमून झोपली बिचारी, झोपू दे. नाही ताई, तहानेने कासावीस झालेलं मूल ओआरएस पोटात न जाताच एकदम गप्प झालं तर ती झोप नाही, तिथे एक मिनिटपण घालवायचं नाही, सलाईनची सोय असलेला जवळचा दवाखाना, रात्र असो का पाऊस. अशा वेळी तोंडात जबरदस्तीने ओतूपण नका, श्वासात जाईल.

पोटाचा चिमटा घेऊन बघणं हेही करता येतं. मुलीला उताणी झोपवा, हात बाजूला सरळ, बेंबी आणि कूस यांच्या मधोमध कातडी अंगठा आणि पहिल्या बोटाच्या पेरात धरा, नखांनी नाही, तिला दुखता कामा नये, चिमट्याची घडी अंगाच्या लांबीला धरून, आडवी नको. कातडी वर उचला, एक सेकंद धरा, सोडा. लगेच सपाट झाली तर बरं, क्षणभर घडी तशीच उभी दिसली तर पाणी कमी आहे, दोन सेकंदांच्या वर तशीच राहिली तर खूपच कमी. पण याच्या मर्यादा आहेत. गुटगुटीत मुलाच्या कातडीखाली चरबी असते, पाणी कमी असूनही घडी पटकन सपाट होते. फार अशक्त मुलात उलटं, पाणी पुरेसं असूनही घडी राहते. आणि तुमच्या केससाठी महत्त्वाचं म्हणजे, ओआरएस दाट गेलं असेल आणि रक्तातलं सोडियम चढलं असेल तर घडी बऱ्यापैकी नॉर्मल दिसू शकते, मूल मात्र चिडचिडं, प्रचंड तहानलेलं, हात लावला तर दचकणारं. त्यामुळे चिमटा बरा आला म्हणून निर्धास्त होऊ नका. अशी शंका आली की डॉक्टरांना स्वतःहून सांगा, किती पावडर किती पाण्यात घातली होती ते, लपवू नका, कारण त्यावर सलाईन कुठली आणि किती वेगाने ते ठरतं. आणि दाट झालं होतं हे कळल्यावर घाईघाईने साधं पाणी भरपूर पाजून बरोबर करायला जाऊ नका, सोडियम एकदम उतरणंही मेंदूला धोक्याचं.

लघवीचं म्हणाल तर सहा तासांत एकदापण झाली नाही की सावध व्हायचं, पण डायपरमध्ये पाण्यासारखी शी आणि लघवी एकत्र होते आणि कळत नाही, म्हणून पुढच्या बाजूला स्वच्छ कापसाचा बोळा ठेवा, तो ओला झालाय का बघा. रडताना डोळ्यात पाणी नाही, जीभ कोरडी चिकट, हीपण लक्षणं आहेत. टाळू भरलेली नसेल तोवर ती खोल गेलीय का हेही बोटाने हळूच बघता येतं, पण मूल बसतं केलेलं आणि शांत असताना. आणि पाणी कितीही नीट चाललं असलं तरी शीमध्ये रक्त दिसलं, पोटात काहीच टिकत नाहीये इतकी उलटी, चांगलाच ताप, किंवा तीन दिवसांत उतार नाही, तर दाखवायचंच. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर वाटच बघायची नाही.

जुलाब बंद करायच्या गोळ्या, ज्या आपण मोठी माणसं प्रवासात खातो, त्या लहान मुलांना देऊ नका, आतडं थांबतं, घाण आत राहते, पोट फुगतं. अँटिबायोटिकपण मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून नाही, बहुतेक जुलाब व्हायरसचे असतात, त्यावर ते चालतच नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात कुठेच नाही, झिंक. डिस्चार्जच्या कागदावर बघा, लिहिलेलं असेल तर गोळी किंवा सिरप. सहा महिन्यांच्या वरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, असं १४ दिवस, आणि लोक शी घट्ट झाली की चौथ्या दिवशी बंद करतात. पूर्ण १४ दिवस द्यायचं, त्याने हा आजार लवकर आटोपतो आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत परत जुलाब व्हायची शक्यता कमी होते. गोळी चमचाभर पाण्यात नाहीतर अंगावरच्या दुधात विरघळते, तोंडाला धातूसारखी चव येते म्हणून कधी थुंकतात किंवा उलटी करतात, अर्ध्या तासाच्या आत उलटली तर परत एकदा द्या. कागदावर नसेल तर ज्यांनी ॲडमिट केलं होतं त्यांना फोन करून विचारा, मुलगी घरी येऊन थोडेच दिवस झालेत, अजून सुरू करता येईल.